शंभर हॉर्सपॉवर सुरू होताना

कृष्णा आणि पंचगंगेच्या काठावर सहकारी पाणीपुरवठा संस्थांचे अनेक जॅकवेल आहेत. अशा एखाद्या पंपघरात १०० हॉर्सपॉवरची मोटर धरू. ४१५ व्होल्टवर पूर्ण भाराने चालताना ती साधारण १३० अँपिअर घेते. पण थांबलेली मोटर थेट लाइनवर जोडली, तर सुरुवातीला हाच आकडा ८५० च्या आसपास जातो आणि रोटर चांगली गती घेईपर्यंत फारसा उतरत नाही. तेवढ्या वेळात लाइनचा व्होल्टेज दबतो आणि त्याच ट्रान्सफॉर्मरवरच्या इतर मोटरी कुरकुरू लागतात.

यावरचा जुना इलाज म्हणजे स्टार-डेल्टा स्टार्टर. पॅनेलमध्ये तीन कॉन्टॅक्टर आणि एक टायमर. बटण दाबले की मेन आणि स्टार हे दोन कॉन्टॅक्टर ओढले जातात. मोटरच्या तिन्ही वाइंडिंगची एकेक टोके स्टारमध्ये एकत्र येतात आणि प्रत्येक वाइंडिंगला ४१५ ऐवजी २४० व्होल्ट मिळतात. लाइनचा प्रवाह एक-तृतीयांश, म्हणजे सुमारे २८० अँपिअर होतो. मोटरचा जोरही एक-तृतीयांशच उरतो. ठरलेली वेळ झाली की स्टार सुटतो, डेल्टा बसतो आणि वाइंडिंगला पूर्ण ४१५ व्होल्ट मिळतात. स्टार आणि डेल्टा एकाच वेळी बसले तर तिन्ही फेज शॉर्ट होतात, म्हणून दोघांमध्ये इंटरलॉक असतो आणि मध्ये क्षणभराची फट ठेवलेली असते.

खरी अडचण याच फटीत आहे. पुरवठा तुटला तरी रोटरमधले चुंबकत्व लगेच जात नाही. फिरता रोटर वाइंडिंगमध्ये स्वतःचा व्होल्टेज तयार करत राहतो आणि रोटरची गती उतरत असल्यामुळे तो लाइनच्या तालापासून मागे पडत जातो. दोघे विरुद्ध दिशेला असतानाच डेल्टा बसला, तर काही मिलिसेकंदांसाठी थेट जोडणीपेक्षाही मोठा झटका बसू शकतो. ॲमीटरचा काटा इतका चपळ नसतो, त्यामुळे तो हे दाखवत नाही. कपलिंगचे रबरी बुश लवकर झिजतात, डेल्टा कॉन्टॅक्टरचे पॉइंट काळवंडतात किंवा चिकटतात. त्यावरूनच ते कळते.

काट्यावर मात्र दुसरी चूक स्पष्ट दिसते. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून पंप सुरू केला, तर एक-तृतीयांश जोरावर मोटर पुरेशी गती गाठत नाही. काटा २८० च्या आसपास अडकून राहतो. अशा वेळी टायमरने डेल्टा टाकला की तो एकदम उसळतो, आणि स्टारमध्ये वाचवलेले सगळे पाण्यात जाते. म्हणून सेंट्रिफ्यूगल पंप व्हॉल्व्ह बंद ठेवून सुरू करतात. काटा चांगला खाली आल्यावरच बदल होईल, असा टायमर लावतात आणि मोटर डेल्टात आली की व्हॉल्व्ह हळूहळू उघडतात.

सॉफ्ट स्टार्टरमध्ये ही फटच नसते. प्रत्येक फेजमध्ये उलटसुलट जोडलेले दोन, असे सहा थायरिस्टर व्होल्टेजच्या लाटेचा काही भाग अडवतात आणि दहा-पंधरा सेकंदांत व्होल्टेज हळूहळू पूर्ण करतात. मोटरने गती घेतली की बायपास कॉन्टॅक्टर बसतो आणि थायरिस्टर मोकळे होतात. मोटरकडे सहाऐवजी तीनच तारा जातात. नदीपात्रातल्या जॅकवेलपर्यंत लांब केबल टाकायची असेल, तर ही बचत मोठी असते.

पण सॉफ्ट स्टार्टर प्रवाह कमी घेतो, ही समजूत तपासून पाहायला हवी. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो, प्रवाह मात्र साधारण व्होल्टेजच्या प्रमाणातच घटतो. स्टारइतका, म्हणजे एक-तृतीयांश जोर हवा असेल तर सॉफ्ट स्टार्टरला ५८ टक्के व्होल्टेज द्यावा लागतो आणि लाइनवर सुमारे ४९० अँपिअर येतात. तिथे स्टार २८० मध्ये भागवतो. म्हणजे अँपिअरमागे मिळणाऱ्या जोरात जुना स्टार्टरच सरस आहे. आखूड पाइपलाइन, व्हॉल्व्ह बंद ठेवण्याची शिस्त आणि दिवसातून एक-दोनदाच सुरू होणारा पंप असेल, तर तो बदलण्याची घाई करू नये.

सॉफ्ट स्टार्टरचा खरा फायदा पंप थांबवताना दिसतो. डोंगरउतारावर किलोमीटरभर चढलेली पाइपलाइन असेल आणि स्टार-डेल्टा बंद केला, तर पंप काही क्षणांत थांबतो, पाण्याचा स्तंभ मागे फिरतो आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह धाडकन आदळतो. सॉफ्ट स्टार्टर व्होल्टेज हळूहळू उतरवत पंपाला सावकाश थांबवतो. तशा लाइनवर त्याचा जास्तीचा खर्च योग्यच ठरतो. मात्र वीजच गेली तर तोही काही करू शकत नाही, कारण उतरवायला व्होल्टेजच उरलेला नसतो. जिथे वीज वरचेवर जाते, तिथे सॉफ्ट स्टार्टर बसवल्यावरही पाइपलाइनवर एअर व्हेसल किंवा सर्ज रिलीफ व्हॉल्व्ह लागतोच.