मीटअपमधली पाच मिनिटं आणि सोमवारचा मेल

पुण्या-बेंगळुरूकडे शनिवारी सकाळी सॉफ्टवेअरवाल्यांचे मीटअप भरतात. दोन-तीन भाषणं होतात, मध्ये चहा असतो, आणि त्या चहाच्या रांगेत कधी अशी व्यक्ती भेटते की जिच्या टीममध्ये जागा रिकामी आहे. तिला हायरिंग मॅनेजर म्हणतात. एचआर अर्ज गोळा करतं आणि पगाराचं बोलतं, पण हा उमेदवार हवा की नको हे मुख्यतः मॅनेजर ठरवतो. अशा माणसाशी पाच मिनिटं बोलणं झालं, तर पुढे त्याला लिहायचं काय?

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाचा 1973 सालचा एक लेख या बाबतीत नेहमी आठवला जातो. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं, की ज्याच्याकडून नोकरीचं कळलं तो माणूस तेव्हा तुम्हाला किती वेळा भेटत असे? वारंवार भेटणारे निघाले जेमतेम 17 टक्के. अधूनमधून भेटणारे 55 टक्क्यांहून थोडे जास्त आणि क्वचित भेटणारे जवळपास 28 टक्के. कारण सरळ आहे. जवळच्या मित्रांना जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं; नवी खबर लांबच्या माणसाकडून येते. पण ती लांबची माणसंही एकमेकांना नावानिशी ओळखत होती. मीटअपमधली ओळख त्याहून पातळ असते. त्या सकाळी तो मॅनेजर बऱ्याच जणांशी बोललेला असतो आणि सोमवारपर्यंत चेहरे एकमेकांत मिसळतात. म्हणून मेलचं पहिलं काम एवढंच, की त्याला आपण कोण ते आठवलं पाहिजे.

आठवण राहते ती विषयाची. एक उदाहरण घेऊ. बिलिंग सॉफ्टवेअर तपासणारी एक टेस्टर चहाच्या वेळी एका मॅनेजरशी बोलते. तो सांगतो, ‘आमच्या काही टेस्ट दिवसा पास होतात आणि रात्री फेल होतात. सकाळी पुन्हा चालवल्या की पास.’ ती विचारते, ‘रात्री म्हणजे बारा ते साडेपाचमध्येच का? सर्व्हर यूटीसीवर आहे का?’ तो ‘हो, हो’ म्हणतो, तेवढ्यात पुढचं भाषण सुरू होतं. जाता जाता ऑटोमेशन टेस्टरची एक जागा निघाल्याचं तो सांगतो.

तिचा प्रश्न नेमका होता. यूटीसी ही जगाची प्रमाणवेळ आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे आहे. आपल्याकडे 15 तारखेच्या रात्रीचा एक वाजलेला असतो, तेव्हा यूटीसीवर चालणाऱ्या सर्व्हरवर 14 तारखेची संध्याकाळच असते. बिलावर भारतीय तारीख पडली आणि ‘आजची बिलं’ मोजणाऱ्या अहवालाने सर्व्हरची तारीख धरली, तर बिल सापडतच नाही. पहाटे साडेपाचला दोन्ही तारखा जुळतात आणि चूक दिसेनाशी होते.

मीटअपहून निघताना तिने फोनमध्ये लगेच टिपून ठेवायला हव्यात अशा गोष्टी तीनच: त्याचं नाव, त्याने अडचण सांगताना वापरलेले शब्द आणि आपण विचारलेला प्रश्न. रात्रीपर्यंत यातलं निम्मं विसरलेलं असतं. रविवारी तासभर बसून ती एक छोटा नमुना करून पाहते. टेस्टमध्ये घड्याळ हव्या त्या वेळेला थांबवता येतं, त्यामुळे जागरण करावं लागत नाही. सोमवारी दुपारी ती मेल पाठवते:

‘विषय: शनिवारचा मीटअप, रात्री फेल होणाऱ्या टेस्ट

नमस्कार सर,
शनिवारी चहाच्या वेळी आपण भेटलो होतो. तुमच्या टेस्ट फक्त रात्री फेल होतात यावर बोलणं झालं आणि सर्व्हर यूटीसीवर आहे का, असं मी विचारलं होतं.

काल घरी एक छोटा नमुना करून पाहिला. घड्याळ रात्री एकवर थांबवलं की टेस्ट दर वेळी फेल होते, दुपारी दोनवर पास होते. दोन्ही तारखा भारतीय वेळेतून घेतल्या की रात्रीही पास होते. तुमच्याकडचं कारण वेगळं असू शकेल.

ऑटोमेशन टेस्टरच्या जागेबद्दल तुम्ही बोलला होतात. तिथलं काम समजून घ्यायला बुधवारी किंवा गुरुवारी संध्याकाळी सहानंतर 15 मिनिटं फोनवर बोलता येईल का? आधी अर्ज करणं बरं असेल तर तसं कळवा, आजच करते.’

मेल एवढाच. बायोडेटा जोडलेला नाही, तो मागितल्यावर द्यावा. तिने केलेला नमुनाही जोडलेला नाही, कारण अनोळखी माणसाची फाइल कोणी उघडत नाही आणि कंपन्यांमध्ये ती उघडू नये असंच सांगितलेलं असतं.

‘तुमच्याकडचं कारण वेगळं असू शकेल’ हे वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं. ते गाळलं, तर परक्या टीमची चूक बाहेरून दाखवल्यासारखं होतं. तिने त्यांचा कोड पाहिलेला नाही, म्हणून वाक्य खरंही आहे.

दुसरं महत्त्व शेवटच्या परिच्छेदाला. ‘माझ्यासाठी काही असेल तर सांगा’ असं लिहिलं की शोधायचं काम मॅनेजरवर पडतं, आणि असा मेल ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला राहतो. इथे त्याला एका शब्दात उत्तर देता येतं: ‘बुधवारी’, ‘गुरुवारी’ किंवा ‘अर्ज करा’. बऱ्याच कंपन्यांत रीतसर अर्ज आल्याशिवाय मॅनेजरला पाऊल उचलता येत नाही, म्हणून तो तिसरा मार्ग खुला ठेवायचा. हा मेल तो जसाच्या तसा एचआरला पुढे पाठवण्याचीही शक्यता असते; बोलणं मराठीत झालं असलं तरी मेल इंग्रजीत लिहिण्याचं खरं कारण हेच.

मेलचा पत्ता नसेल तर लिंक्डइनवरून लिहावं लागतं. तिथे ओळखीच्या विनंतीसोबतची चिठ्ठी फार तर 300 अक्षरांची, फुकट खात्याला त्याहूनही लहान. तेव्हा त्यात भेटीची जागा, विषय आणि एक प्रश्न एवढंच मावतं. त्याने विनंती स्वीकारली की बाकीचं सांगायचं.

एक गोष्ट कटाक्षाने पाळायची. चहाच्या कपासोबत सांगितलेली अडचण ही त्याच्या कंपनीच्या घरातली गोष्ट आहे. ती कंपनीच्या नावासह लिंक्डइनवर जाहीर लिहिली, तर त्याची पंचाईत होते आणि दार बंद होतं. तसंच नमुना करताना आपल्या सध्याच्या ऑफिसचा कोड, लॅपटॉप किंवा मेल वापरायचा नाही. आज जी आपल्या कंपनीचं बाहेर देते ती उद्या आमचंही देईल, हे समोरच्याला लगेच दिसतं.

‘एचआरशी बोला’ असं उत्तर आलं, तर ते टाळणं समजू नये. त्याच धाग्यात विचारावं, ‘एचआरला लिहिताना तुमचा उल्लेख केला तर चालेल ना?’ होकार आला तरच नाव घ्यावं. काहीच उत्तर आलं नाही तर आठवड्याने त्याच मेलखाली दोन ओळी लिहाव्यात: तीच विनंती, नवे दोन दिवस. त्यानंतरही शांतता असेल तर तिसरा मेल पाठवू नका. कंपनीच्या संकेतस्थळावरून त्या जागेसाठी रीतसर अर्ज करा आणि त्याच दिवशी इतर ठिकाणचे अर्जही चालू ठेवा.