लस गोठली तर काय करावे?

उन्हाने लस बिघडते हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. पण आरोग्य केंद्रातल्या फ्रिजमध्ये ती गोठूनही वाया जाते, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. पेंटाव्हॅलंट, टीडी व कावीळ-ब या लसींत अॅल्युमिनियमचा क्षार असतो. गोठल्यावर त्याच्या गुठळ्या होतात आणि बर्फ वितळला तरी गेलेला गुण परत येत नाही. म्हणून या लसी फ्रिजच्या तळाशी न ठेवता वरच्या टोपलीत ठेवतात. तापमान २ ते ८ अंश सेल्सिअस हवे. त्याची नोंद सकाळ-संध्याकाळ व्हावी, रविवारीसुद्धा.

समजा, एका सकाळी थर्मामीटर उणे १ दाखवतो. घट्ट गोठलेली बाटली सरळ बाद करावी. पातळ दिसणाऱ्या बाटल्या वेगळ्या ठेवाव्यात. त्याच कंपनीची, त्याच बॅचची एक बाटली खूण करून मुद्दाम रात्रभर गोठवावी व पूर्ण वितळू द्यावी. मग ती आणि संशयित बाटली एकाच हातात धरून दहा-पंधरा सेकंद हलवाव्यात, शेजारी-शेजारी ठेवून अर्धा तास पाहाव्यात. संशयित बाटलीतला गाळ गोठवलेलीइतक्याच किंवा अधिक वेगाने खाली बसला, तर ती टाकावी. सावकाश बसला, तर ती गोठलेली नाही. खटाटोप वाटेल, पण डोळ्यांनी नुसते पाहून हे कळत नाही, असे आम्ही आवर्जून सांगतो.

उष्णतेचा बिघाड मात्र या परीक्षेत दिसत नाही. त्यासाठी बाटलीवरील खूण पाहावी. आतला चौकोन बाहेरील वर्तुळाइतका गडद झाला की ती बाटलीही बाद.