बायोतली लिंक शिळी होऊ नये म्हणून

दिवाळीच्या तोंडावर भाजणीच्या चकलीची कृती सकाळी सहाला माझ्या साइटवर आली. इन्स्टाग्रामच्या रीलखाली मी ‘लिंक बायोमध्ये’ असं लिहिलं होतं, कारण तिथल्या मजकुरात टाकलेला पत्ता दाबून उघडत नाही. बायोतली लिंक उघडली की माझं लिंकांचं पान येतं. पण त्यावर सगळ्यात वर अजून अनारसेच होते. पान बदलायचं राहून गेलं होतं. “ताई, चकली कुठे आहे?” असे मेसेज दुपारपर्यंत येत राहिले.

तेव्हापासून ते काम मी हाताने करत नाही. बायोतला पत्ता तोच राहतो, बदलतो फक्त पानावरचा मजकूर. माझी साइट वर्डप्रेसवर आहे आणि अशा साइटच्या पत्त्यापुढे `/feed/` लावलं की नव्या लेखांची यादी मिळते. ती वाचकांसाठी नसून दुसऱ्या प्रोग्रॅमने वाचावी म्हणून असते. प्रत्येक लेखाचं शीर्षक, पत्ता, तारीख आणि `guid` नावाची ओळखखूण त्यात असते. लिंकांचं पान मी गिटहबवर ठेवलं आहे. तिथली एक छोटी स्क्रिप्ट ठरलेल्या वेळी यादी वाचते, वरच्या पाच नोंदी घेते आणि पान नव्याने लिहिते. वेळापत्रकाची ओळ अशी:

```
- cron: '7,37 * * * *'
```

म्हणजे दर तासाला सातव्या आणि सदतिसाव्या मिनिटाला. गिटहबचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे चालतं; आपले सकाळचे सहा म्हणजे तिथले साडेबारा. त्यामुळे सहाला आलेली चकली सहा वाजून सात मिनिटांच्या फेरीत सापडते. बरोबर तासाच्या ठोक्याला तिथे गर्दी असते, म्हणून ती वेळ मी टाळली. तरीही फेरी कधी कधी उशिरा सुरू होते, तेव्हा रील मी साडेसातनंतरच टाकते.

दोन गोष्टी मात्र ठेच लागल्यावरच कळल्या. आधी स्क्रिप्ट जुन्या नोंदी जपून त्यांत नव्याची भर घालायची आणि नवी कोणती ते शीर्षकावरून ठरवायची. मी ‘चकली’चं ‘खुसखुशीत चकली’ केलं आणि एकच कृती पानावर दोनदा आली. आता ती `guid` बघते, कारण शीर्षक बदललं तरी तो बदलत नाही. दुसरं असं, की एकदा साइट बंद असताना यादी रिकामी मिळाली आणि स्क्रिप्टने अख्खं पान पुसून टाकलं. आता एकही नोंद मिळाली नाही तर ती पानाला हातच लावत नाही.

सार्वजनिक प्रकल्पात साठ दिवस काहीच बदल झाला नाही, तर गिटहब हे वेळापत्रक आपोआप थांबवतं. म्हणून प्रत्येक लिंकशेजारी मी लेखाची तारीख छापते. मोठ्या सुट्टीनंतर पहिला लेख टाकला की तासाभराने फोनवर पान उघडायचं. वरची तारीख आजची नसेल, तर गिटहबवर जाऊन वेळापत्रक पुन्हा सुरू करायचं.