नुसताच फॉरवर्ड

सोसायटीच्या सेक्रेटरींना खजिनदारांचा मेल येतो. विषयाआधी `Fwd:` लागलेलं, आत थेट `---------- Forwarded message ---------` ही ओळ, तिच्याखाली `From`, `Date`, `Subject`, `To`, आणि मग लिफ्ट कंपनीशी झालेला पत्रव्यवहार. खजिनदारांचा स्वतःचा शब्द एकही नाही. पाठवणाऱ्याच्या डोक्यात सगळं स्पष्ट असतं, म्हणूनच तो लिहायचं विसरतो.

असा ट्रेल मेल तळापासून वर वाचावा. इथे तळाशी कंपनीचं ३ जूनचं देखभालीचं कोटेशन आहे. त्यावर खजिनदारांनी दर कमी करा म्हटलं. १२ जूनला कंपनीने उत्तर दिलं: सुधारित दर सोबत जोडला आहे, २० तारखेपर्यंत लागू. आणि सेक्रेटरींकडे हे सगळं आलं १७ जूनला. म्हणजे हातात तीनच दिवस.

आता जोडलेल्या फाइली बघायच्या. फॉरवर्ड करताना त्या मेलची फाइल सहसा सोबत जाते, पण मध्ये कुणी ‘रिप्लाय’ केला की आधीची फाइल गळते. त्यामुळे सुधारित दर मिळाला, मूळ कोटेशन मात्र नाही. तुलना करायची कशाशी?

‘हे काय आहे?’ असं विचारलं तर ‘बघा ना जरा’ एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा आपण काय समजलो ते लिहून विचारावं: ‘१२ तारखेचा दर मंजूर करायचा, असं मी समजतो. बरोबर ना? की नुसतं माहितीसाठी पाठवलंत? ३ तारखेचं कोटेशन सोबत आलेलं नाही, ते पाठवा. कंपनीला २० च्या आत तुम्ही कळवणार की मी? मेल माझ्याकडे आल्याचं त्यांना माहीत आहे का?’ शेवटचा प्रश्न उगाच नाही. फॉरवर्डला उत्तर दिलं तर ते खजिनदारांकडे जातं, कंपनीकडे नाही. ‘रिप्लाय ऑल’ केलं तरी खालच्या साखळीतली माणसं त्यात येत नाहीत. सेक्रेटरींनी ‘मंजूर’ लिहायचं आणि कंपनीला पत्ताच नाही, असं सहज घडतं.

आणखी एक. मेलच्या आत दिसणारे ते `From` आणि `Date` म्हणजे साधा मजकूर असतो. पाठवण्याआधी कुणीही तो बदलू शकतो. जीमेलमध्ये `Show original` उघडलं तरी दिसतो तो खजिनदारांच्या मेलचा प्रवास, कंपनीच्या मेलचा नाही. तो हवा असेल तर मूळ मेल ‘फॉरवर्ड ॲज अटॅचमेंट’ करून मागवावा. तो `.eml` फाइल म्हणून येतो. दरांसाठी एवढी चौकशी कुणी करत नाही, गरजही नसते. पण साखळीत कुठे ‘आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे’ असं वाक्य दिसलं, तर आधी फॉरवर्ड खरंच खजिनदारांनी केलाय का हे त्यांना फोन करून विचारावं. मग कंपनीलाही फोन लावावा, तोही मेलमधल्या नंबरवर नव्हे, जुन्या करारावरच्या.