आगळाची टाकी कोणत्या स्टीलची?

सिंधुदुर्गातल्या एखाद्या कोकम उद्योजकाने हजार लिटरची टाकी करायला दिली, की फॅब्रिकेटर विचारतो, "३०४ लावू की ३१६?" दर ऐकल्यावर स्वस्त पत्र्याची चौकशी होते आणि ४३० चे नाव पुढे येते. पण त्याआधी ठरायला हवे ते हे, की टाकीत अमृत कोकम शिजणार आहे की आगळ साठवले जाणार आहे. दोन्ही आंबटच. फरक मिठाचा आहे आणि स्टीलची निवड त्यावरच ठरते.

स्टेनलेस स्टीलला गंजापासून वाचवतो तो त्यातल्या क्रोमियमचा पृष्ठभागावर तयार होणारा ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. ओरखडा पडला तरी हवेतल्या ऑक्सिजनमुळे तो पुन्हा भरून येतो. मिठातले क्लोराइड मात्र हा थर एखाद्या बिंदूवर भेदते. तिथे बारीक खड्डा पडतो, खड्ड्यातला द्रव आणखी आम्लधर्मी होत जातो आणि खड्डा आतल्या आत खोल होतो. बाकीची टाकी चकचकीत असते आणि एका ठिपक्यातून गळती सुरू होते. द्रव जितका आंबट आणि गरम, तितके हे लवकर घडते. आगळ तर मीठ घालूनच काढतात आणि त्याचा सामू दोनच्या आसपास असतो, म्हणजे स्टीलला नको असलेल्या दोन गोष्टी तिथे एकत्र येतात.

४३० हे फेरिटिक स्टील. त्यात सुमारे १७ टक्के क्रोमियम असते, निकेल जवळजवळ नसते, म्हणून ते स्वस्त पडते. ३०४ हे ऑस्टेनिटिक. त्यात १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. क्रोमियम जवळपास सारखेच, मग निकेलचे पैसे कशासाठी द्यायचे? याचे खरे उत्तर वेल्डिंगमध्ये सापडते. निकेलमुळे स्टीलची अंतर्गत रचना बदलते आणि जोडाजवळचा भाग तापून थंड झाल्यावरही चिवट राहतो. ४३० मध्ये तोच भाग तापला की धातूचे कण मोठे होतात आणि थंड होताना पुन्हा बारीक होत नाहीत. जोडाशेजारची पट्टी ठिसूळ बनते. शिवाय तिथला कार्बन क्रोमियमला बांधून टाकतो आणि गंज नेमका त्या पट्टीत शिरतो. भांडी, झाकणे, पातळ पत्र्याचे काम यांत ४३० चांगले चालते. पण गोल पत्रा, तळ, नळ्या आणि पाय सगळे वेल्डिंगने जोडलेली टाकी त्याची करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऑस्टेनिटिक स्टीललाही कार्बनचा हा त्रास होतो, पण त्यावर सोपा इलाज आहे. ३०४ऐवजी ३०४एल मागायचे. त्यात कार्बन ०.०३ टक्क्यांपेक्षा जास्त नसतो. आर्गन वेल्डिंग करताना जोडाच्या मागच्या बाजूलाही आर्गन सोडावा लागतो. नाहीतर आत निळा-तपकिरी पट्टा उमटतो. त्या पट्ट्याखाली क्रोमियम कमी झालेले असते, त्यामुळे पिकलिंग पेस्टने तो काढलाच पाहिजे. लोखंडावर वापरलेली ग्राइंडिंग चाके या कामाला लावू नयेत. त्यांचे लोहकण पत्र्यात रुतून गंजतात.

आता ही टाकी पाहू. साखरेच्या पाकातल्या अमृत कोकमात मीठ नसेल, तर ३०४एल पुरे. मात्र ती वाफेच्या किंवा गरम पाण्याच्या जॅकेटची असेल, तर जॅकेटमधले पाणीही तपासावे. किनाऱ्याजवळची विहीर खारट असू शकते आणि साधारण साठ अंशांच्या वर क्लोराइडचे पाणी लागले, की ताणाखाली असलेल्या ऑस्टेनिटिक पत्र्याला तडे जातात. फेरिटिक स्टील इथे सरस ठरते, त्याला असे तडे सहसा जात नाहीत. ४४४ या फेरिटिक प्रकारात दोन टक्के मॉलिब्डेनम असते, टायटॅनियम किंवा नायोबियमने कार्बनही बांधलेला असतो आणि खड्ड्यांना तोंड देण्यात ते ३१६ च्या बरोबरीचे आहे. पण जाड पत्र्यात त्याचा जोड ठिसूळ राहतो, आणि ते वेल्ड करायला सरावलेला माणूसही हवा.

आगळ गाळायला, ढवळायला, काही तासांपुरते ठेवायला ३१६एल घ्यावे. त्यातले दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम खड्डे रोखते. लगेच धुऊन टाकायचे, हे मात्र सांभाळावे लागते. महिनोन्‌महिने साठवायचे असेल, तर ३१६एलवरही मी विसंबणार नाही. तिथे खाद्यपदार्थांसाठीचे प्लास्टिकचे पिंप स्वस्तही पडते आणि सुरक्षितही.

पैसे देण्याआधी पत्रा तपासावा. लोहचुंबक चिकटले नाही म्हणजे ३०४, असे पुष्कळ जण मानतात. चुंबक ४३० ओळखून देतो, एवढेच. बाजारात सर्रास मिळणाऱ्या २०० मालिकेच्या स्टीलमध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त असते. तेही चुंबकाला चिकटत नाही, पण मिठापुढे ३०४ पेक्षा लवकर हरते. म्हणून गिरणीचे चाचणी प्रमाणपत्र मागावे आणि त्यावरचा हीट नंबर पत्र्यावरच्या नंबराशी जुळवून पाहावा. ३१६ च्या पैशांत ३०४ मिळाले नाही ना, हे मॉलिब्डेनम ओळखणाऱ्या रसायनाच्या एका थेंबाने तिथल्या तिथे कळते.