दोन कोटेशने, एक पान

गृहनिर्माण सोसायटीच्या गच्चीवर सौर यंत्रणा बसवायची ठरली की दोन कंपन्यांचे प्रस्ताव कमिटीसमोर येतात. प्रत्येक प्रस्ताव वीस-पंचवीस पानांचा असतो आणि त्यात पॅनेलची तांत्रिक पत्रके, इन्व्हर्टरचे आलेख, आकृत्या असे बरेच काही असते. सभासदांना मात्र कोणाला होकार द्यायचा, एवढेच ठरवायचे असते. त्यांच्यासाठी एका पानाचा सारांश काढताना प्रस्तावातली पाने क्रमाने आटोपशीर करून उपयोग नाही. दोन्ही प्रस्ताव आधी एकाच मापावर आणावे लागतात, कारण प्रत्येक विक्रेता आपल्याला सोयीचे माप निवडतो.

समजा, लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांच्यासाठी 20 किलोवॅटची यंत्रणा हवी आहे. पहिल्या कंपनीची किंमत 11.6 लाख रुपये, दुसरीची 8.9 लाख. पहिली वर्षाला 28,000 युनिट वीज मिळेल असे सांगते, तर दुसरी 32,000. एवढेच आकडे शेजारी मांडले तर दुसरा प्रस्ताव स्वस्तही दिसतो आणि सरसही.

आधी विजेचा आकडा तपासावा. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी एका किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरले जातात. त्या हिशेबाने वर्षाला सुमारे 29,000 युनिट येतात. 32,000 साठी रोज जवळपास साडेचार युनिट लागतील. ते अशक्य नाही, पण त्याला आधार हवा. तो आधार गच्चीच्या आराखड्यात शोधायचा. दुसऱ्या कंपनीने पाच पॅनेल पाण्याच्या टाकीच्या पूर्वेला, अगदी लगत दाखवली असतील, तर दुपारनंतर टाकीची सावली त्यांच्यावर पडणार. पॅनेल एका ओळीत जोडलेली असली की सावलीतल्या पॅनेलमुळे त्या ओळीची निर्मितीही घटू शकते. अशा वेळी सारांशात कंपनीचा आकडा तसाच उतरवू नये. ‘कंपनीचा अंदाज 32,000, सावलीचा हिशेब दिलेला नाही, तुलनेसाठी दोघांचे 28,000 धरले आहेत’ असे लिहावे.

मग किमतीकडे वळावे. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापराच्या यंत्रणेला किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे, म्हणजे 20 किलोवॅटला 3.6 लाख. पण त्यासाठी सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेली लागतात. प्रस्तावात याला ‘डीसीआर’ म्हणतात. पहिल्या प्रस्तावात हा शब्द आहे, दुसऱ्यात नाही. तीन अक्षरांचा हा फरक बहुतेकांच्या नजरेतून सुटतो, आणि सगळा हिशेब फिरतो तो इथेच. शिवाय दुसऱ्या प्रस्तावाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिले आहे, की नेट मीटरचे शुल्क आणि अर्थिंग ग्राहकाकडे, आणि देखभाल फक्त पहिले वर्ष मोफत. पहिल्या दोन्हींचे 40,000 आणि पुढच्या चार वर्षांच्या देखभालीचे दरसाल 18,000 धरले, तर दुसऱ्याचा पाच वर्षांचा खर्च 10.02 लाख होतो. पहिल्याच्या किमतीत हे सारे धरलेले आहे; अनुदान वजा जाता तो 8 लाखांवर येतो.

इथे घाईने पहिल्याला कौल देणे चुकीचे ठरेल. अनुदान यंत्रणा चालू झाल्यावर मिळते, म्हणून सोसायटीला आधी पूर्ण 11.6 लाख उभे करावे लागतील. दुसऱ्यात सुरुवातीला 9.3 लाख पुरतात. अनुदान नाकारले गेले, तर पहिला प्रस्ताव दुसऱ्यापेक्षा सुमारे 1.6 लाखांनी महाग पडतो. निर्णय कशावर टेकला आहे ते वाचणाऱ्याला दिसले पाहिजे, नाहीतर नुसत्या शिफारशीवर त्याने विश्वास का ठेवावा?

हमीबद्दल दोनच वाक्ये पुरतात, पण ती अचूक हवीत. दोन्ही प्रस्तावांत ठळकपणे छापलेली 25 वर्षांची हमी पॅनेलच्या क्षमतेपुरती असते आणि ती पॅनेल बनवणाऱ्या कंपनीची असते. इन्व्हर्टर बिघडला किंवा गच्ची गळू लागली तर कोण जबाबदार, हे वेगळ्या कलमात पाहावे लागते.

एवढे झाल्यावर सारांशाची सुरुवात अशी होऊ शकते: ‘अनुदान मिळणार असेल आणि 11.6 लाख आधी उभे करता येत असतील, तर पहिला प्रस्ताव घ्यावा. पाच वर्षांत सुमारे 2 लाख वाचतात. निधी 10 लाखांच्या आतच असेल तर दुसरा घ्यावा, पण टाकीजवळची पाच पॅनेल हलवून.’ त्याखाली खर्चाचा छोटा तक्ता द्यावा आणि प्रत्येक आकड्यापुढे प्रस्तावातल्या पानाचा क्रमांक लिहावा. जे आकडे सारांश लिहिणाऱ्याने स्वतः धरले, त्यांच्यापुढे ‘अंदाज’ असे नोंदवावे.

शेवटी, मतदानापूर्वी विचारायचे प्रश्न द्यावेत. पहिल्या कंपनीची योजनेत विक्रेता म्हणून नोंदणी आहे का, आणि महावितरणकडून सोसायटीच्या अर्जाला मान्यता मिळाली आहे का? दुसरी कंपनी 32,000 युनिटांची लेखी हमी देईल का, आणि कमी पडलेल्या प्रत्येक युनिटमागे किती रुपये भरून देईल?