एका भिंतीपलीकडचा टीव्ही फोनला का दिसत नाही?

हॉलमधल्या टीव्हीवर यूट्यूब सुरळीत चालतं आणि बेडरूममधल्या फोनवरही. दोघांनाही परदेशातले सर्व्हर क्षणात सापडतात. पण फोनवरचा व्हिडिओ टीव्हीवर टाकायला कास्टचं बटण दाबलं, की जवळपास एकही टीव्ही नसल्याचं उत्तर येतं. या दोघांच्या मध्ये भिंत एकच असते. तरीही नेटवर्कच्या हिशेबाने ते दोन वेगळ्या घरांत राहत असू शकतात.

फायबर कनेक्शन घेतलं की कंपनी एक डबा बसवून जाते. तो बहुतेक वेळा स्वतःच राउटर असतो. बेडरूमपर्यंत रेंज पोहोचत नाही म्हणून आपण बाजारातून दुसरा राउटर आणतो आणि डब्यातून निघालेली केबल त्याच्या WAN पोर्टमध्ये खोचतो. इंटरनेट लगेच सुरू होतं. पण त्याच क्षणी घराचे दोन भाग झालेले असतात.

इंटरनेटच्या जुन्या, आयपीव्ही४ पद्धतीत जेमतेम ४३० कोटी पत्ते आहेत. ते पुरणार नाहीत हे दिसू लागल्यावर पत्ता बदलून देण्याची युक्ती, म्हणजे नॅट, निघाली. १९९४ मध्ये तिचं पहिलं टिपण आलं. घरातल्या उपकरणांना खासगी पत्ते द्यायचे आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर राउटरने आपला पत्ता घालायचा, अशी ती योजना. दोन राउटर असले की हे दोनदा घडतं. समजा, फोनचा पत्ता 192.168.0.105 आहे. आतला राउटर तो बदलून 192.168.1.7 करतो. मग कंपनीचा डबा तोही पुसून बाहेरचा पत्ता लावतो. आपण काय बदललं हे दोघंही लिहून ठेवतात, त्यामुळे उत्तर उलट्या वाटेने अचूक फोनवर परततं. म्हणूनच नेहमीच्या स्ट्रीमिंगला सहसा काहीच होत नाही.

कास्टिंगची गोष्ट वेगळी. तिथे फोनला आधी टीव्ही शोधावा लागतो आणि त्याचा पत्ता माहीत नसतो. म्हणून तो 224.0.0.251 या सामायिक पत्त्यावर विचारतो, ‘कास्ट घेणारं कुणी आहे का?’ वाड्याच्या चौकात उभं राहून मारलेल्या हाकेसारखं हे आहे; ती वेशीबाहेर जात नाही. नियमच असा, की या पत्त्यावरचं पाकीट राउटरने पुढे पाठवायचं नाही. तसं नसतं, तर आपला फोन साऱ्या जगाला टीव्ही विचारत सुटला असता. आपला टीव्ही कंपनीच्या डब्याला जोडलेला, म्हणजे 192.168.1.20 वर. हाक आतल्या राउटरपाशीच विरते.

गंमत पुढे आहे. हाक जात नसली, तरी पत्ता ठाऊक असेल तर आतला फोन बाहेरच्या टीव्हीपर्यंत सहसा पोहोचू शकतो. उलट दिशेने मात्र टीव्हीला फोन गाठता येत नाही, कारण आतल्या राउटरकडे त्या पाकिटाची काहीच नोंद नसते. ही भिंत एकाच बाजूने पारदर्शक आहे.

याच कारणाने घरच्या संगणकावरून चित्रपट दाखवणारी प्लेक्ससारखी ॲप अडतात. बाहेरून येणाऱ्यांसाठी 32400 हा पोर्ट उघड, असं प्लेक्स आतल्या राउटरला सांगतं. तो उघडतोही. पण बाहेरच्या डब्याला याचा पत्ताच नसतो, त्यामुळे थेट जोडणी होत नाही.

हे ओळखायचं कसं? आधी टीव्हीच्या आणि फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये आयपी पत्ता पाहा. घरगुती राउटरवर तिसरा आकडा वेगळा निघाला, तर दोघं सहसा वेगळ्या भागांत असतात. मग आतल्या राउटरच्या पानावर WAN IP पाहा. तो 192.168 ने सुरू होत असेल, तर नॅट दोनदा होतंय याची खात्री समजा. सगळे पत्ते जुळूनही टीव्ही दिसत नसेल, तर पाहुण्यांसाठीचं गेस्ट वायफाय तपासा. ते उपकरणांना एकमेकांपासून मुद्दाम वेगळं ठेवतं.

उपाय सोपा आहे. आतल्या राउटरच्या सेटिंगमध्ये Access Point Mode निवडा. मग तो पत्ते वाटत नाही, बदलत नाही, फक्त वायफाय देतो. ही सोय नसेल, तर त्याला 192.168.1.2 सारखा मोकळा पत्ता द्या, त्याचा DHCP बंद करा आणि केबल WAN ऐवजी LAN पोर्टमध्ये लावा. DHCP बंद करायला विसरलात, तर दोन राउटर पत्ते वाटत बसतील आणि गोंधळ वाढेल.

एवढ्याने कास्टिंग सुरू होतं. प्लेक्सचं मात्र सांगता येत नाही. डब्याचा WAN IP 100.64 ते 100.127 यांच्या दरम्यान सुरू होत असेल, तर कंपनीही तिच्या बाजूला आणखी एकदा नॅट करते आहे. ते घरात बसून काढता येत नाही. त्यासाठी कंपनीकडे सार्वजनिक पत्ताच मागावा लागतो.